नॅपसॅकचं ग्रीडी उत्तर किती चुकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅपसॅक शिकवताना चोराची झोळी आणि सोन्याच्या विटा आणायची रीत आहे. मला त्यापेक्षा टेम्पो बरा वाटतो. टेम्पोवाला रोज हाच प्रश्न सोडवतो, आणि त्याचं उत्तर चुकलं तर नुकसान रुपयांत मोजता येतं. खालचे सगळे प्रश्न एकाच टेम्पोभोवती फिरतात.

प्रश्न नेमका काय आहे?

नाशिकहून मुंबईला एक टेम्पो निघतोय. त्यात जास्तीत जास्त १००० किलो माल बसतो. दारात पाच गिऱ्हाइकांचे नग पडलेत. प्रत्येक नग न्यायचा तर अख्खा न्यायचा, नाहीतर ठेवून द्यायचा. अर्धा आज, अर्धा उद्या असं चालत नाही.

| नग | वजन (किलो) | भाडं (रु.) | किलोमागे भाडं (रु.) |
|---|---|---|---|
| क | २०० | १२०० | ६ |
| ख | ३०० | १६५० | ५.५ |
| ग | ४०० | २००० | ५ |
| घ | ५०० | २४५० | ४.९ |
| च | १०० | ३०० | ३ |

जास्तीत जास्त भाडं मिळेल असे नग निवडायचे, एवढंच काम. पाच नग असतील तर ३२ शक्यता होतात आणि त्या कागदावर तपासता येतात. पन्नास नग झाले की शक्यतांची संख्या सोळा आकडी होते आणि कागदाचा उपयोग उरत नाही. या प्रश्नाचं हो-नाही रूप (म्हणजे 'अमुक इतकं भाडं मिळवता येईल का?') रिचर्ड कार्प यांच्या १९७२ च्या एकवीस एनपी-पूर्ण प्रश्नांच्या यादीत आहे. म्हणून प्रत्येक वेळी झटपट आणि अचूक चालेल अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

ग्रीडी म्हणजे नेमका कशाचा हव्यास?

इथेच पहिली गफलत होते. सर्वांत जास्त भाड्याचा नग आधी घेणं ही ग्रीडी, सर्वांत हलका आधी घेणं हीसुद्धा ग्रीडी. दोन्ही वाईट. भाडं पाहून निवडलं तर १००० किलोचा, ५००० रुपयांचा एकच अजस्र नग टेम्पो अडवून बसेल आणि शंभर किलोचे, प्रत्येकी हजार रुपये देणारे दहा नग दारातच राहतील. वजन पाहून निवडलं तर टेम्पो फुकटात जाणाऱ्या रिकाम्या खोक्यांनी भरेल.

आपण ज्या ग्रीडीबद्दल बोलतोय ती किलोमागचं भाडं पाहते. दराचा उतरता क्रम लावा, वरून खाली जा, बसेल तो नग चढवा, बसणार नाही तो सोडा.

वरच्या टेम्पोत ही पद्धत काय करते?

क चढतो आणि २०० किलो होतात. ख चढतो, ५००. ग चढतो, ९००. भाडं झालं ४८५०. आता पाळी घ ची. त्याला ५०० किलो जागा हवी आणि उरलीये १००. घ अडला, पण च नेमका त्या शंभरात बसतो. एकूण ५१५० रुपये आणि टेम्पो काठोकाठ भरलेला.

बरोबर उत्तर ५३०० आहे: क, ख आणि घ. हेही नेमके १००० किलोच. ग्रीडीला दीडशे रुपये कमी मिळाले, कारण तिने ग आधी चढवून घ ची जागा खाल्ली आणि उरलेल्या फटीत सर्वांत स्वस्त नग कोंबला. टेम्पो पूर्ण भरला म्हणजे निवड बरोबर, असा अंदाज कधीही बांधू नका. दोन्ही उत्तरांत एक किलोही जागा वाया गेलेली नाही.

अचूक उत्तर माहीत नसताना ग्रीडी किती चुकली हे कसं कळणार?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. बहुतेकांना वाटतं, की आधी अचूक उत्तर काढायचं आणि मग तुलना करायची. पण अचूक उत्तर हाती असेल तर ग्रीडी हवी कशाला?

खरी गंमत ही, की ग्रीडी दोन आकडे देते आणि लोक एकच घेऊन निघून जातात. पहिला आकडा म्हणजे तिने प्रत्यक्ष मिळवलेलं भाडं. त्याला आपण तळ म्हणू, कारण एवढं तर हातात आहेच. दुसरा आकडा म्हणजे छत, ज्याच्या वर कोणतंही उत्तर जाऊच शकत नाही.

छत असं काढायचं. पहिला नग अडला तिथे क्षणभर थांबा. घ अडला तेव्हा भाडं ४८५० होतं आणि १०० किलो जागा उरली होती. समजा, घ कापता आला असता. मग त्याचे १०० किलो ४.९ रुपये दराने चढले असते आणि ४९० रुपये मिळाले असते. एकूण ५३४०. हे छत.

हे छतच का? नग कापायची मुभा असेल तर टेम्पोतली प्रत्येक किलोची जागा सर्वांत महाग मालाने भरलेली असते. त्यातून कोणताही किलो काढून दुसरा घातला तर तो तितक्याच किंवा कमी दराचा निघेल, म्हणजे भाडं वाढणं शक्य नाही. आणि कापायची मुभा असताना जे मिळत नाही ते मुभा नसताना कुठून मिळणार? जॉर्ज डँट्झिग यांनी १९५७ साली हे मांडलं, म्हणून या आकड्याला डँट्झिगची वरची मर्यादा असंही म्हणतात.

आता अचूक उत्तर न काढताच बोलता येतं. तळ ५१५०, छत ५३४०, म्हणजे आपण सर्वोत्तम उत्तराच्या किमान ९६.४ टक्के तरी आहोत. प्रत्यक्षात ९७.२ टक्के आहोत, पण ते आपल्याला माहीत नाही असं समजू.

छत अजून थोडं खाली आणता येतं. यादीतलं प्रत्येक भाडं ५० च्या पटीत आहे, म्हणून कोणत्याही निवडीची बेरीजही ५० च्या पटीतच येणार. ५३४० येणं अशक्य. छत झालं ५३००. ही युक्ती फुकटची आहे आणि तरी फार कमी जण वापरतात. या आकड्याकडे आपण शेवटी परत येऊ.

ग्रीडी जास्तीत जास्त किती वाईट चुकू शकते?

हवी तितकी. तोंडी परीक्षेत इथे 'निम्म्यापर्यंत' असं उत्तर येतं आणि ते चूक आहे.

दारात दोनच नग आहेत असं समजा. एक औषधांचं पुडकं, वजन १ किलो, भाडं १० रुपये. दुसरं एक यंत्र, वजन बरोबर १००० किलो, भाडं ५००० रुपये. पुडक्याचा दर किलोला १० रुपये, यंत्राचा ५. ग्रीडी पुडकं चढवते. उरले ९९९ किलो. यंत्र बसत नाही. टेम्पो दहा रुपये घेऊन मुंबईला निघाला.

हे ५००० च्या ०.२ टक्के झाले. टेम्पो दहापट मोठा घ्या आणि यंत्रही तेवढंच मोठं, की टक्का आणखी दहापट घसरतो. याला तळच नाही. म्हणून साध्या ग्रीडीला कसलीही हमी नाही.

मग निम्म्याची हमी कुठून येते?

एका ओळीच्या दुरुस्तीतून. ग्रीडीचं उत्तर काढा, मग टेम्पोत एकटा बसू शकणारा सर्वांत जास्त भाड्याचा नग पाहा. दोन्हींत जे मोठं असेल ते उत्तर म्हणून घ्या. बस, एवढंच. पुडकं आणि यंत्राच्या उदाहरणात एकटं यंत्र ५००० देतं आणि घोटाळा मिटतो.

सिद्धता इतकी छोटी आहे की ती पाठ करण्यापेक्षा समजून घेणं सोपं पडतं. पहिला नग अडेपर्यंत चढलेल्या मालाचं भाडं म्हणजे 'आधीचं'. अडलेल्या नगाचं पूर्ण भाडं म्हणजे 'अडलेलं'. छत काढताना आपण 'आधीचं' पूर्ण घेतलं आणि 'अडलेलं' त्याचा फक्त एक तुकडा घेतला. म्हणजे:

आधीचं + अडलेलं ≥ छत ≥ सर्वोत्तम

दोन आकड्यांची बेरीज सर्वोत्तमाइतकी किंवा जास्त असेल, तर त्यांतला मोठा आकडा सर्वोत्तमाच्या निम्म्याहून लहान असूच शकत नाही. 'आधीचं' ग्रीडीकडे आहेच. 'अडलेलं' हे सर्वांत महाग एकट्या नगापेक्षा जास्त नाही. झाली सिद्धता.

यातून आणखी एक गोष्ट हाती लागते, जी पुस्तकांत बऱ्याचदा राहून जाते. आपण तुलना सर्वोत्तमाशी करायला निघालो होतो, पण सिद्धता छताशी झाली. म्हणजे दुरुस्त ग्रीडीचं छत तिच्या उत्तराच्या दुपटीहून वर कधीच जात नाही. तुमच्या प्रोग्रॅमने तळाच्या तिप्पट छत दाखवलं तर प्रश्न अवघड आहे असं समजू नका, कोडमध्ये चूक शोधा.

पण मग ५० टक्के ही हमी फारच भोंगळ नाही का?

सर्वांत वाईट प्रसंगासाठी ती भोंगळ नाही, काटेकोर आहे. तेच एक किलोचं, १० रुपयांचं पुडकं घ्या आणि सोबत ५०० किलोचे, प्रत्येकी २५०० रुपयांचे दोन नग. ग्रीडी पुडकं चढवते, एक मोठा नग चढवते, आणि दुसऱ्याला एका किलोची जागा कमी पडते. मिळाले २५१०. सर्वांत महाग एकटा नग २५०० चा, म्हणजे दुरुस्तीचाही उपयोग नाही. सर्वोत्तम उत्तर ५०००: पुडकं सोडा आणि दोन्ही मोठे नग न्या. ५०.२ टक्के. पुडक्याचं भाडं ६ रुपयांवर आणलं तर ५०.१२ टक्के. निम्म्याच्या कितीही जवळ जाता येतं, म्हणून या पद्धतीसाठी हमीचा आकडा वाढवता येत नाही.

मात्र हे उदाहरण मुद्दाम जुळवून आणलेलं आहे हेही दिसतंय. एक नग अर्धा टेम्पो व्यापतो, म्हणून चूक अर्धी होते. नग लहान असतील तर चूकही लहान राहते, आणि हे नेमकं मांडता येतं. प्रत्येक नग टेम्पोच्या क्षमतेच्या ५ टक्के किंवा त्याहून कमी वजनाचा असेल, तर साधी ग्रीडीही किमान ९५ टक्के देते. कारण पहिला नग अडला तेव्हा उरलेली जागा त्या नगापेक्षा, म्हणजे ५ टक्क्यांपेक्षा कमी होती. भरलेल्या ९५ टक्क्यांतला प्रत्येक किलो अडलेल्या नगाच्या दराचा किंवा त्याहून महाग आहे. वाया गेलेला भाग म्हणजे जास्तीत जास्त सर्वांत स्वस्त ५ टक्के.

त्यामुळे हजार किलोच्या टेम्पोत पन्नास किलोच्या आतली खोकी भरणाऱ्याने ग्रीडीवर निश्चिंत राहावं. दोन-तीन अवजड यंत्रं नेणाऱ्याने राहू नये.

अडलेल्या नगाशी थांबायचं की पुढचे तपासायचे?

पुढचे तपासा. थांबलं तरी हमी टिकते, कारण सिद्धतेत अडण्याच्या आधीचंच भाडं वापरलंय. पुढे गेल्याने फक्त भर पडते. आपल्या उदाहरणात थांबलो असतो तर ४८५० वर राहिलो असतो. च मुळे ३०० वाढले.

एकच काळजी घ्या. छत पहिल्या अडलेल्या नगापाशीच मोजायचं. पुढे नग चढत गेल्यावर मोजलं तर येणारा आकडा छत असेलच याची खात्री नाही.

कोड दाखवाल का? आणि लोक कुठे चुकतात?

पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
def greedy(items, W):            # items: (weight, value)
    items = [t for t in items if t[0] <= W]
    items.sort(key=lambda t: t[1] / t[0], reverse=True)
    left, total, bound = W, 0, None
    for w, v in items:
        if w <= left:
            left -= w
            total += v
        elif bound is None:
            bound = total + left * v / w
    single = max((v for _, v in items), default=0)
    if bound is None:
        bound = total
    return max(total, single), bound
```

आपल्या टेम्पोवर हा `5150` आणि `5340.0` देतो. एकही नग अडला नाही तर तळ आणि छत एकच होतात, म्हणजे उत्तर अचूक आहे.

पहिली ओळ विसरणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. १२०० किलोचा नग या टेम्पोत कधीच बसणार नाही. तो यादीत राहिला तर `single` मध्ये त्याचंच भाडं येईल आणि प्रोग्रॅम अशक्य उत्तर छातीठोकपणे सांगेल. दुसरी चूक सी किंवा जावा वापरणाऱ्यांची. तिथे पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश गळून पडतात, ५.५ आणि ५ दोन्ही ५ होतात आणि क्रम मुकाट्याने बिघडतो. भागाकार टाळून `v1*w2 > v2*w1` अशी तुलना करा. बिघाड ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे नगांचा क्रम बदलून तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवा. क्रम बरोबर लागत असेल तर छत बदलत नाही.

अचूक उत्तर कसं काढतात, आणि ते ग्रीडीला दिसत नाही ते काय पाहतं?

नेहमीची रीत डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची. आपल्या उदाहरणात सगळी वजनं १०० च्या पटीत आहेत, म्हणून टेम्पोची क्षमता १० एकक धरू. शून्य ते दहा अशा प्रत्येक क्षमतेसाठी आतापर्यंतच्या नगांतून मिळणारं सर्वांत जास्त भाडं लिहून ठेवायचं.

```python
best = [0] * (W + 1)
for w, v in items:
    for c in range(W, w - 1, -1):
        best[c] = max(best[c], best[c - w] + v)
```

ग पर्यंतचे नग पाहून झाल्यावर `best[10]` मध्ये ४८५० आहे, ग्रीडीइतकंच. पण सोबत `best[5]` मध्ये २८५० लिहिलेले आहेत: टेम्पो फक्त ५०० किलोचा असता तर क आणि ख नेऊन एवढे मिळाले असते. ग्रीडीने हे कुठेच टिपलेलं नाही. घ येतो तेव्हा तो विचारतो, की मला ५ एकक दिले तर उरलेल्या पाचांत काय होतं? २८५० अधिक २४५० म्हणजे ५३००, आणि हे ४८५० पेक्षा जास्त आहे. शेवटी च येतो: `best[9]` मधले ४८५० अधिक ३०० म्हणजे ५१५०. हे ग्रीडीचं उत्तर आहे आणि ते ५३०० पुढे हरतं. दोन्ही पद्धतींच्या वाटा घ पाशी फुटतात. ग्रीडी एकच टेम्पो भरत जाते, तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग एकाच वेळी सगळ्या आकारांचे टेम्पो भरत असतं.

आतली फेरी उलटी, म्हणजे मोठ्या क्षमतेकडून लहानकडे आहे, याकडे लक्ष द्या. सुलटी लिहिली तर एकच नग दोनदा, तीनदा चढतो. आपल्या उदाहरणात क पाच वेळा चढून ६००० दाखवतो. ही चूक छताने लगेच पकडता येते, कारण ६००० हे ५३४० च्या वर आहे.

हे एवढं सोपं असेल तर नेहमी अचूकच का काढू नये?

शक्य असेल तिथे जरूर काढा. २०० नग आणि १००० किलो असतील तर सुमारे २ लाख घरं भरावी लागतात, आणि हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. एवढ्यासाठी ग्रीडी वापरणं म्हणजे उगाच काटकसर.

अडचण क्षमतेच्या आकड्यात आहे. काम `O(nW)` आहे. तीच वजनं ग्रॅममध्ये दिली तर `W` १० लाख होतो आणि घरं २० कोटी. कागदावर फक्त तीन शून्यं वाढली, काम मात्र हजारपट झालं. म्हणूनच हे खऱ्या अर्थाने बहुपदी काम मानत नाहीत, त्याला छद्म-बहुपदी म्हणतात. ग्रीडीला याने फरक पडत नाही. तिला फक्त क्रम लावायचा असतो आणि तो नगांच्या संख्येवर ठरतो.

निम्म्याहून चांगली हमी थोड्या जास्त कष्टात मिळते का?

मिळते, आणि पहिला मार्ग हाताने करण्याइतका साधा आहे. सरताज साहनी यांनी तो १९७५ मध्ये दिला. एक नग आधीच टेम्पोत ठेवायचा आणि बाकीची जागा ग्रीडीने भरायची. असं प्रत्येक नगासाठी करायचं आणि त्यांतलं सर्वांत चांगलं उत्तर घ्यायचं. आपल्या टेम्पोत घ आधी ठेवला की उरलेल्या ५०० किलोंत ग्रीडी क आणि ख चढवते आणि ५३०० हाती येतात. थेट अचूक उत्तर.

हमी मात्र अजून निम्म्याचीच आहे. पुडकं आणि दोन मोठ्या नगांच्या उदाहरणात एक मोठा नग आधी ठेवला तरी ग्रीडी लगेच पुडकं घालते आणि दुसरा पुन्हा अडतो. तिथे दोन नग आधी ठेवावे लागतात. जोड्यांपर्यंत सगळं तपासलं की हमी दोन तृतीयांश होते, तीन-तीन नगांपर्यंत तपासलं की तीन चतुर्थांश. शंभर नगांच्या ४९५० जोड्या होतात, ते परवडतं. त्यापुढे कष्ट झपाट्याने वाढतात.

दुसरा मार्ग त्याच वर्षी इबारा आणि किम यांनी दिला. तो भाडी मुद्दाम गोल करतो. समजा, १० टक्क्यांपर्यंत चूक चालेल. सर्वांत मोठं भाडं २४५० आहे आणि नग पाच, म्हणून मापाचा तुकडा २४५० च्या १० टक्क्यांचा पाचवा भाग, म्हणजे ४९ रुपये. प्रत्येक भाडं ४९ च्या पूर्ण तुकड्यांत मोजा: क २४, ख ३३, ग ४०, घ ५०, च ६. आता हे छोटे आकडे घेऊन अचूक उत्तर काढा, फक्त तक्ता वजनाऐवजी भाड्याचा करा. प्रत्येक नगामागे ४९ पेक्षा कमी रुपये हरवतात, पाच नगांमागे २४५ पेक्षा कमी. सर्वोत्तम उत्तर २४५० च्या खाली असू शकत नाही, म्हणून नुकसान १० टक्क्यांच्या आत. आपल्या बाबतीत क, ख, घ मिळून १०७ तुकडे आणि ग्रीडीची निवड १०३, म्हणजे इथेही अचूक उत्तरच निघतं. चुकीची मर्यादा हवी तेवढी कमी करता येते आणि काम मर्यादेच्या व्यस्त प्रमाणातच वाढतं.

सगळ्या नगांचा दर सारखाच असेल तर?

तर ग्रीडी आंधळी होते. सगळा माल ५ रुपये किलोने जात असेल तर क्रमाला अर्थ उरत नाही, आणि प्रश्न फक्त टेम्पो जास्तीत जास्त कसा भरायचा एवढाच राहतो. अशा वेळी जड नग आधी घ्या. मग एकट्या नगाची दुरुस्तीही लागत नाही, निम्म्याची हमी आपोआप मिळते: निम्म्याहून जड नग बसला तर काम झालंच, आणि सगळे हलके असतील तर निम्मा टेम्पो भरायच्या आत कोणी अडूच शकत नाही.

छत मात्र इथे फारसं कामाचं नाही. ते नेहमी 'पूर्ण टेम्पो गुणिले दर' एवढंच सांगतं. दर अगदी सारखे नसून एकमेकांना चिकटलेले असतील, तरी तळ आणि छत यांच्यातलं उरलेलं अंतर मिटवणं फार जड जातं. नॅपसॅकची अवघड उदाहरणं मुद्दाम तयार करणारे भाडं वजनाशी असं घट्ट बांधूनच ती तयार करतात.

वजनासोबत जागेचीही मर्यादा असेल तर हीच हमी लागू होते का?

नाही. कापसाच्या गाठी आणि लोखंडी सळ्या एकाच टेम्पोत न्यायच्या असतील तर दर किलोमागे काढायचा की घनफुटामागे? एक क्रम ठरत नाही आणि वरची सिद्धता पहिल्याच पायरीवर मोडते. तो वेगळा आणि जास्त कठीण प्रश्न आहे.

ग्रीडी वापरून अचूक उत्तरापर्यंत पोचता येतं का?

हो, आणि व्यवहारात ब्रँच अँड बाउंड नावाने हेच करतात. अडलेला नग घ्या आणि दोनच शक्यता तपासा: तो नेला, किंवा नाही नेला. प्रत्येक शक्यतेसाठी ग्रीडी पुन्हा चालवा आणि नवं छत काढा. ज्या फांदीचं छत हातातल्या तळाच्या वर जात नाही ती फांदी तोडा.

आपल्या टेम्पोवर करून पाहू. हातात तळ ५१५० आणि छत ५३००. अडलेला नग घ. तो न्यायचाच नाही असं ठरवलं, तर उरलेले चारही नग मिळून बरोबर १००० किलो होतात, काहीच अडत नाही, म्हणून त्या फांदीत ५१५० हेच अचूक उत्तर. तिथे पुढे बघायला काही नाही. घ न्यायचाच असं ठरवलं, तर ५०० किलो उरतात, क आणि ख त्यात नेमके बसतात आणि ५३०० मिळतात. छतही ५३०० चंच होतं. तळ छताला टेकला, शोध संपला. बत्तीस शक्यतांपैकी आपण दोन फांद्या पाहिल्या, आणि क, ख, घ हीच सर्वोत्तम निवड आहे याचा पुरावाही सोबत मिळाला. ग आणि च उद्याच्या फेरीला.